पदवीच्या फोटोत गाऊन चढवताना

पदवीदान समारंभाला प्रत्येकालाच जाता येतं असं नाही. कुणी नोकरीसाठी परगावी गेलेलं असतं, कुणाचं प्रमाणपत्र पोस्टाने घरी येतं. पण आईवडिलांना भिंतीवर लावायला गाऊनमधला फोटो हवा असतो. मग आधी काढलेला एखादा चांगला फोटो स्टुडिओत जातो आणि त्यावर गाऊन, हूड आणि स्टोल ‘चढवून’ मिळतो. चार दिवसांनी फोटो हातात आल्यावर आई म्हणते, ‘छान आहे, पण ही आपली मुलगी वाटत नाही गं.’ नीट पाहिलं की कारण सापडतं. कानामागून पुढे आलेली बट गायब झालेली असते, केसांची कड कात्रीने कापल्यासारखी गुळगुळीत असते आणि चष्म्याची दांडी कानाजवळ पोचण्याआधीच संपलेली असते.

गाऊनचा आणि चष्म्याचा संबंध काय? खरं तर काहीच नाही. गाऊन गळ्याखाली सुरू होतो. तरीही चष्मा बिघडतो, कारण कामाची दिशाच उलटी असते. बऱ्याच ठिकाणी तयार गाऊनचं चित्र संगणकात असतं आणि ग्राहकाचं डोकं कापून त्या गाऊनवर बसवलं जातं. डोकं कापायचं म्हणजे केसांची संपूर्ण कड, दोन्ही कान आणि चष्म्याच्या दांड्या या सगळ्यांवरून निवडीची रेघ फिरवावी लागते. जिथे रेघ फिरते तिथे काहीतरी खाल्लं जातंच. त्याऐवजी मूळ फोटो जागचा न हलवता गाऊन त्या माणसाकडे आणला, तर चेहऱ्याला आणि चष्म्याला हात लावायची वेळच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलीने पांढरा कुर्ता घातला आहे, पार्श्वभूमी फिकट निळी आहे, डोळ्यांवर बारीक धातूच्या काड्यांचा चष्मा आहे आणि कुरळे केस डाव्या खांद्यावरून पुढे आले आहेत. फोटोशॉपमध्ये हा फोटो सगळ्यात खालचा लेयर म्हणून ठेवायचा आणि त्याला कुलूप लावायचं. त्यावर गाऊनचा लेयर येतो. गाऊन इंटरनेटवरून उचलण्यापेक्षा भाड्याने आणून तिच्याच अंगकाठीच्या मैत्रिणीला घालावा आणि मूळ फोटोइतक्याच उंचीवर कॅमेरा ठेवून फोटो काढावा. प्रकाशाची बाजूही तीच हवी. नाकाची सावली उजव्या गालाकडे पडली असेल, तर गाऊनच्या चुण्यांची सावलीही त्याच बाजूला पडायला हवी. ती उलटी असेल तर गाऊन आडवा उलटवता येतो, पण तो स्टोल चढवण्याआधी. नाहीतर स्टोलवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसू लागतात.

गाऊन Warp ने खांद्यांवर बसवताना तो खांद्यांपेक्षा थोडा रुंदच ठेवावा, कारण प्रत्यक्षातही गाऊन कपड्यांवरून घालतात आणि तो खांद्यावर फुगतो. गळ्याशी लेयर मास्क लावून गाऊनची कड मऊ ब्रशने पुसत आणली की मान मोकळी होते. कुर्त्याची कॉलर कुठे डोकावते का, ते इथेच पाहून घ्यावं.

हूड हा भाग सर्वांत जास्त चुकतो. समोरून पाहिलं तर हूडचा छातीवरचा इंग्रजी ‘व्ही’सारखा पट्टाच तेवढा दिसतो. बाकीचा हूड मानेमागून पाठीवर गेलेला असतो. अनेक फोटोंत तो हारासारखा केसांवरूनच घातलेला दिसतो. प्रत्यक्षात हूड घातल्यावर मुली केस बाहेर काढून घेतात, म्हणजे केस हूडच्या वर येतात. स्टोलचंही तेच. तो मानेमागून येऊन दोन्ही बाजूंनी सरळ खाली लोंबतो आणि मानेजवळचा त्याचा भाग केसांखाली दडलेला असतो. हूडचा रंग बहुधा विद्याशाखेप्रमाणे ठरलेला असतो, म्हणून तो अंदाजाने निवडू नये. त्याच वर्षीच्या, त्याच शाखेच्या मित्राचा समारंभातला फोटो मागून घ्यावा. हूड आणि स्टोल दोन्ही असतील तर कोणतं वर घालतात, तेही त्या फोटोत कळतं.

आता खांद्यावरचे केस. मूळ फोटोची एक प्रत करून ती सगळ्यात वर, अगदी त्याच जागी ठेवायची आणि मास्कने फक्त खांद्यावरचे केस उघडे करायचे. कड निवडायला Select and Mask मधला Refine Edge Brush वापरायचा. केस त्याच फोटोतले आणि त्याच जागी असल्यामुळे त्यांचा आकार बदलत नाही. पण एक अडचण उरतेच. बारीक बटा अर्धपारदर्शक असतात आणि त्यांच्यामधून मागचा पांढरा कुर्ता दिसत असतो. मागे काळा गाऊन आला की तीच पांढरी झाक पीठ सांडल्यासारखी कडेला उमटते. त्यासाठी केसांच्या लेयरला जोडून एक नवा लेयर घ्यायचा, त्याचा प्रकार Darken ठेवायचा, जवळच्याच केसांचा गडद रंग उचलायचा आणि फक्त कडेवरून हलका ब्रश फिरवायचा. हाच ब्रश आतपर्यंत नेला तर केसांवरची नैसर्गिक चमक मरते.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. काळे केस काळ्या गाऊनवर विरघळून जातात. तिथे नव्या बटा रंगवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. उपाय गाऊनमध्ये आहे. कापड कधीच ठार काळं नसतं. 0 ते 255 या मापात गाऊनचा सर्वांत गडद भाग 25 ते 35च्या आसपास ठेवला, तर केस आपोआप वेगळे दिसू लागतात. मग हनुवटी आणि केस यांची सावली हूडवर Multiply प्रकारच्या लेयरवर मऊ ब्रशने हलकीच टाकायची. ही सावली नसेल तर गाऊन चिकटवल्यासारखा दिसतो.

टोपीचा आग्रह मात्र मी तरी धरू देणार नाही. टोपी केसांना दाबते, कपाळावर सावली पाडते आणि ती सावली चष्म्यावरही उतरते. म्हणजे जे जपायचं त्यालाच हात घालावा लागतो.

काम झाल्यावर डोळ्यांवर विसंबू नये. मूळ फोटोची आणखी एक प्रत सगळ्यात वर ठेवून तिचा प्रकार Difference करावा. दोन चित्रांत जिथे काहीच फरक नाही, तिथे पडदा पूर्ण काळा दिसतो. हनुवटीच्या वरचा सगळा भाग, म्हणजे चष्मा, भुवया आणि डोक्यावरचे केस, काळाच दिसायला हवा. वर Levels चा लेयर टाकून उजळवलं तर बारीकसा फरकही उठून दिसतो. गाऊनचा भाग आणि खांद्यावरच्या बटांच्या कडा तेवढ्या उजळलेल्या दिसतील, तो आपणच केलेला बदल आहे. चष्म्याच्या जागी पुसटशीही रेघ चमकली, तर तिथे ब्रश लागला आहे. ही तपासणी जेपीईजी करण्याआधी, लेयर असलेल्या फाइलवरच करावी, कारण जेपीईजी करताना सगळ्या चित्रात थोडा फरक पडतो.

असा फोटो भिंतीसाठी आहे. अर्ज, ओळखपत्र किंवा पासपोर्टसाठी तो देऊ नये. आणि स्टुडिओला मूळ फोटो पाठवताना तो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका. त्यात आकार कमी होतो आणि सगळ्यात आधी केसांच्या बारीक बटाच पुसल्या जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. आणि फोटो घरी नेण्याआधी Difference करून दाखवा, असं स्टुडिओवाल्याला सांगा.