घंटेचं वय कानाला कळत नाही

वाईजवळच्या मेणवलीत, कृष्णेच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळापाशी दगडी चौकटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा आहे. घाट, देऊळ आणि मागचा वाडा नाना फडणवीसांचा. नानांचा जन्म १७४२चा, म्हणजे घंटा तिच्या देवळाहूनच नव्हे, देऊळ बांधणाऱ्याहूनही पस्तीस वर्षांनी मोठी. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावरही तसंच. देऊळ १७४७चं आणि घंटेवरचा आकडा १७२१. मोठ्या आवाजाच्या माणसाला नाशकात ज्या ‘नारोशंकराच्या घंटे’ची उपमा देतात, ती हीच.

१७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवांना वाहिल्या, अशी या घंटांची परंपरेने सांगितली जाणारी हकिगत आहे. जुनी घंटा पाहायला शिकायचं असेल तर सुरुवात यांच्यापासून करावी. कारण या घंटेला दोन आयुष्यं आहेत. ती ओतली गेली ते एक, आणि ती वाजत राहिली ते दुसरं. ओतल्याच्या खुणा एकीकडे आणि वाजल्याच्या खुणा दुसरीकडे असतात. दोन्ही एकमेकींशी जुळल्या तरच घंटेच्या वयावर विश्वास ठेवावा.

आधी आवाजाबद्दल बोलायला हवं, कारण सगळे पहिल्यांदा घंटा वाजवूनच बघतात. आवाज धातू आणि ओतकाम कसं आहे ते सांगतो. वय सांगत नाही. चांगल्या घंटेचा धातू म्हणजे कासं: साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथील. काशाच्या वाटीवर टिचकी मारली की ती किती वेळ गुणगुणत राहते ते घरोघरी माहीत आहे. कथलामुळे धातू कडक होतो, नाद आतल्या आत लवकर विरत नाही. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. तो धातू मऊ, कापायला आणि ओतायला सोपा, पण टोला पडला की ‘टण’ करून लवकर गप्प होतो. पितळ असणं हा मात्र नवेपणाचा पुरावा नव्हे. भारतात जस्त गाळण्याची विद्या जुनी आहे आणि जुन्या पितळी घंटा पुष्कळ आहेत.

ऐकायचं कसं? घंटा कडीला किंवा मुठीला धरून मोकळी लोंबती ठेवावी आणि काठाजवळच्या जाड पट्ट्यावर लाकडी दांडीने हलका टोला द्यावा. पहिला ठणका ओसरला की खाली एक सखल, लांबणारा गुंजारव उरतो. तो एकसंध असेल तर ओतकाम सरस. तो ‘वां-वां-वां’ असा हेलकावत असेल, तर घंटा एका बाजूला जराशी जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ आहे. त्यामुळे दोन अगदी जवळचे सूर एकाच वेळी उठतात आणि एकमेकांना कमी-जास्त करत राहतात. हाताने केलेल्या साच्यात असं होतंच, तो काही दोष मानू नये. दोष वेगळा असतो. टोल्यानंतर ‘झर्र’ अशी खरखर आली, किंवा आवाज मधेच तुटला, तर काठापासून वर जाणारी केसासारखी चीर शोधावी. काशाला नाद देणारं कथीलच त्याला ठिसूळ करतं. लंडनची बिग बेन १८५९मध्ये जड हातोड्यामुळे अशीच तडकली. हातोडा हलका करून आणि चीर टोल्याखाली येणार नाही अशी घंटा फिरवून ती पुन्हा वाजती केली. ती चीर आजही तिच्यात आहे.

ओतकामाच्या खुणा वाचताना आधी सांधा कुठे आहे ते पाहावं. मोठी घंटा जुन्या पद्धतीने ओतताना आत मातीचा गाभा, वर मातीचं कवच आणि दोहोंमध्ये घंटेच्या जाडीएवढी पोकळी ठेवतात. कवच अखंड गोल असतं, म्हणून घंटेच्या अंगावर उभा सांधा येतच नाही. आली तर खांद्यावर, जिथे कडीचा वेगळा साचा बसवला तिथे, एक आडवी रेघ येते. मेणाची प्रतिमा करून, वर माती लिंपून, मेण वितळवून ओतलेल्या लहान घंटेलाही उभा सांधा नसतो. वाळूच्या दोन पेट्यांच्या साच्यात ओतलेल्या वस्तूला मात्र दोन्ही बाजूंना समोरासमोर उभी रेघ पडते. ती कानशीने घासून टाकली तरी मूर्तीच्या बगलेत, कडीच्या आतल्या बाजूला, जिथे कानस पोचत नाही तिथे ती राहतेच. दोन पेट्यांची पद्धतही काही कालची नाही, म्हणून रेघ दिसली की लगेच ‘नवीन’ म्हणू नये. तिच्यावर काय झालंय ते पाहावं. जुन्या रेघेवरचे कानशीचे ओरखडे हाताळून बोथट झालेले असतात, नव्या रेघेवरचे बोटाला टोचतात.

अक्षरं पाहताना ती उठावाची आहेत की कोरलेली, हा पहिला प्रश्न. वसईच्या घंटांवरची लॅटिन अक्षरं उठावाची असतात, म्हणजे ती साच्यातच होती. ओतणारे मेणाची अक्षरं करून साच्यात उमटवत. घाईत एखादं अक्षर उलटं बसे आणि आरशातल्यासारखं ओतलं जाई. असं उलटं अक्षर दिसलं तर ते हाताने केलेल्या कामाचं लक्षण म्हणून घ्यावं. उठावाचा आकडा घंटेच्या जन्माचा. मात्र लॅटिन अक्षरांवरून घंटा युरोपात ओतली असं ठरवता येत नाही. जुन्या गोव्यातल्या सी कॅथेड्रलची प्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ १६५२ साली कुंकळ्ळीत ओतलेली आहे.

आपल्याकडच्या घंटांवरचा मजकूर बहुधा टाकीने कोरलेला असतो: देवाचं नाव, वाहणाऱ्याचं नाव, शके. हा आकडा घंटा वाहिल्याचा. घंटा त्याच वर्षी ओतलेली असेल किंवा पन्नास वर्षं आधीची असेल. तो नंतर कधीही कोरता येतो, हेही लक्षात ठेवावं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शकाबरोबर संवत्सराचं नाव असेल तर ते पडताळायची एक सोपी रीत आहे. शकात १२ मिळवून ६०ने भागावं. जी बाकी उरेल तितवं नाव प्रभव, विभव या साठांच्या यादीत मोजावं. बाकी शून्य आली तर साठावं.

शेवटी झीज. चर्चच्या मनोऱ्यात झुलवून वाजवलेल्या घंटेत लोलक दोन बाजूंना आपटतो, म्हणून आत काठावर समोरासमोर दोन खळगे पडतात. देवळातली घंटा स्थिर असते. भाविक लोलक धरून एकाच अंगाला, बहुधा आपण उभे राहतो त्या बाजूला, हाणतात. तिथे एकच खोल खळगा पडतो. चर्चमधून देवळात आलेली घंटा पाहताना म्हणूनच टॉर्च घेऊन आत डोकवावं. एकमेकांसमोरचे दोन जुने, कडा गुळगुळीत झालेले खळगे आणि तिसरीकडे एक ताजा, असं दिसलं तर दोन्ही आयुष्यं एका काठावर सापडली. लोलकावरून मात्र वय ठरवू नये. तो लोखंडाचा, काशापेक्षा मऊ ठेवलेला असतो, म्हणजे झिजायचं ते त्याने झिजावं. तो चपटा झाला की बदलतात. लोलक नवा आणि खळगा जुना हे चांगलं. लोलक गंजलेला, जुनाट आणि समोरचा काठ अगदी कोरा, तर शंका घ्यावी. कडीकडेही पाहावं. जी घंटा वर्षानुवर्षं टांगली आहे तिच्या कडीचा आतला वरचा भाग झिजून पातळ झालेला असतो.

हे सगळं एका छोट्या घंटीवर लावून बघू. एका स्नेह्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून पूजेची घंटी आणली होती. वीतभर उंच, मुठीवर हात जोडलेला गरुड, अंगावर कोरलेलं ‘शके १७०५ प्लवंग नाम संवत्सरे’. विकणाऱ्याने पेशवाईतली म्हणून दिली. माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, “आवाज ऐका आधी.” आवाज खरोखर सुरेख होता. टोल्यानंतर मी तेरा मोजेपर्यंत गुंजारव चालू होता, हेलकावा जवळजवळ नव्हता. धातू कासंच. घंटी उत्तम, एवढं आवाजाने सांगितलं.

मग शक. १७०५ म्हणजे इसवी सन १७८३. १७०५ अधिक १२ म्हणजे १७१७. त्याला ६०ने भागलं की बाकी ३७. सदतिसावं नाव शोभन. प्लवंग एकेचाळिसावं. गत आणि वर्तमान शकाच्या गोंधळात एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, चार वर्षांचा पडत नाही.

भिंगातून अक्षरं पाहिली. घंटीच्या अंगावर चरकावर कातल्याच्या बारीक, सारख्या अंतराच्या रेघा होत्या, आणि अक्षरांच्या खाचा त्या रेघा कापून गेल्या होत्या. म्हणजे अक्षरं कातल्यानंतरची. त्यात काही गैर नाही. पण बाहेर तपकिरी कळक दाट असताना खाचेच्या तळाशी धातू उजळ होता. दोनशे चाळीस वर्षांची खाच असती तर आतही तोच कळक बसला असता. गरुडाच्या पंखाखाली दोन पेट्यांच्या साच्याची रेघ धारदार होती. नाक आणि जोडलेले हात, जिथे रोज अंगठा पडायला हवा, तिथले कोपरे जसेच्या तसे होते. आत टॉर्च टाकला तर मूठ घंटीला यंत्राच्या आट्यांच्या स्क्रूने जोडलेली. काठ चहूकडून सारखा, एकही खळगा नाही.

म्हणजे घंटी पेशवाईतली नव्हे, विसाव्या शतकातली, चांगल्या काशाची आणि फारशी न वाजलेली. कोरीव मजकूर त्याहून अलीकडचा. स्नेह्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना एवढंच म्हणालो, “पैसे जास्त गेले, पण घंटी टाकाऊ नाही. देवघरात ठेवा, रोज वाजवा.”

त्यांचा पुढचा प्रश्न होता, चिंच लावून लख्ख करू का? जुनी असण्याची शक्यता असलेल्या घंटेला चिंच, लिंबू, पावडर काहीच लावू नये. आम्लाने कळक जातो आणि घासण्याने उठावाची अक्षरं दरवेळी थोडी खाली बसतात. खाच जुनी की नवी हे ज्या थरावरून आपण ओळखलं, तोच थर धुऊन जातो. कोरड्या मऊ फडक्याने पुसावं. ती घंटी नवी होती, म्हणून म्हटलं, खुशाल चिंच लावा. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मागे तीच वाजत होती, आणि चिंचेने उजळली तरी आवाज तोच होता.