मांडवातला आवाज मांडवातच

गणेशोत्सवात गल्लीच्या तोंडाशी स्टेज आणि दोन्ही बाजूंना स्पीकरची भलीमोठी थप्पी, हा आपल्याकडचा ठरलेला थाट. साउंडवाल्यालाही तोच सोपा पडतो, कारण सगळी वायर एकाच ठिकाणी राहते. पण शेजाऱ्यांच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या मांडणीतच असतं. आवाजाची मर्यादा पाळायची असेल, तर विचार सुपारी देण्याआधी, मैदानाचा नकाशा समोर ठेवून करावा लागतो. कार्यक्रम रंगात आल्यावर मिक्सरवरची बटणं फिरवून फारसं काही साधत नाही.

आधी मर्यादा काय आहे ते बघू. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही सर्वसाधारण पातळी आहे. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला, तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज या पातळीपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे निवासी वस्तीत दिवसा आणि संध्याकाळी हद्दीवर ६५. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ स्पीकर लावायला सवलत देऊ शकतं. ही सवलत वेळेची आहे. दहा वाजले की पातळी रात्रीची धरायची, म्हणून हद्दीवरचा आकडा ५५ वर येतो. अनेक मंडळं हे विसरतात.

आता एक मैदान धरून हिशेब करू. स्टेजपासून शेवटच्या रांगेपर्यंत ३२ मीटर, त्यापुढे ८ मीटरवर कुंपण आणि कुंपणाला लागून इमारत. व्याख्यान किंवा भजन शेवटच्या रांगेत नीट ऐकू यायला तिथे ७० डेसिबल हवेत, असं समजू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्टेजवरच्या एकाच जागेहून ३२ मीटरवर ७० पोचवायचे, तर १६ मीटरवर ७६, ८ मीटरवर ८२ आणि ४ मीटरवरच्या पहिल्या रांगेत ८८ होतात. पुढे बसलेली आजी कानावर हात ठेवते. कुंपणावर मात्र आवाज जेमतेम २ डेसिबलने उतरून ६८ राहतो, कारण ३२ वरून ४० मीटर म्हणजे अंतर दुप्पट झालेलंच नाही. मर्यादा मोडली, आणि स्टेजच्या बाजूच्या घरांचे हाल तर त्याहून वाईट.

यावर उपाय म्हणजे मोठी थप्पी काढून लहान स्पीकर मैदानभर वाटणं. स्टेजपाशी एक आणि पुढे दर ८ मीटरवर एक, असे चार खांब. प्रत्येक स्पीकरने फक्त आपल्या पुढच्या ८ मीटरची काळजी घ्यायची. आवाजांची बेरीज साध्या आकड्यांसारखी होत नाही. सारख्या ताकदीचे दोन आवाज एकत्र आले, तर एकूण पातळी ३ डेसिबलनेच वाढते. त्यामुळे प्रत्येक स्पीकर त्याच्यापासून ८ मीटरवर साधारण ६८.५ देईल असा ठेवला, तर मागच्या तिघांची भर पडून शेवटच्या रांगेत ७० मिळतात. पहिल्या रांगेत ७५ च्या आसपास, आणि कुंपणावर सगळ्यांची बेरीज होऊन ६५ ला किंचित वर.

मागच्या कुंपणावर फायदा फक्त ३ डेसिबलचा झाला, हे मान्य करायला हवं. पण स्टेजजवळच्या घरांना तब्बल १३ डेसिबलचा दिलासा मिळाला. उरलेलं काम स्पीकरच्या तोंडाने करायचं. खांबावर माणसांच्या डोक्यावर उंच चढवून तोंड खाली, शेवटच्या रांगेकडे झुकवलं की कुंपणामागच्या खिडक्या त्याच्या थेट माऱ्यातून बाहेर पडतात. शक्य असेल तर स्टेजची दिशाच बदलावी आणि स्पीकरची तोंडं घरांऐवजी बाजारपेठेकडे किंवा मोकळ्या जागेकडे वळवावीत. अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या भिंती आवाज परतवतात, तिथे तो दुप्पट अंतराला ६ डेसिबलने उतरत नाही. म्हणून तिथे हिशेबावर विसंबू नये, मोजूनच बघावं.

स्पीकर वाटले की डिले लावावाच लागतो, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे ८ मीटरला २३ मिलिसेकंद लागतात. चौथा खांब स्टेजपासून २४ मीटरवर आहे. त्याला डिले नसेल तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला जवळच्या स्पीकरचा शब्द आधी आणि स्टेजचा तोच शब्द ७० मिलिसेकंदांनी ऐकू येतो. शब्द एकमेकांवर चढतात, काही कळत नाही आणि मागून हाक येते, ‘आवाज वाढवा!’ वाढवल्याने गोंधळच वाढतो. चौथ्या स्पीकरला ७० आणि वर दहाएक मिलिसेकंद डिले दिला की शब्द स्वच्छ लागतो आणि वक्ता स्टेजवरूनच बोलतोय असं वाटतं. डिजिटल मिक्सरवर ही सोय बहुधा असते. साध्या मिक्सरला वेगळा प्रोसेसर जोडावा लागतो. स्पीकर ठरवण्याआधी साउंडवाल्याला हे विचारून घ्या.

राहिला बेस. मीटरवर ६४ दिसतात आणि तरी समोरच्या आजोबांच्या कपाटातली भांडी वाजतात. दोन्ही खरं असतं. नियमातला आकडा ‘ए’ मापाचा आहे आणि हे माप खालचे सूर फार कमी धरतं. ६३ हर्ट्झचा सूर त्यात तब्बल २६ डेसिबलने कमी मोजला जातो. शिवाय बंद खिडकी वरचे सूर बऱ्यापैकी अडवते, बेस मात्र सहज आत येतो. ६० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ पावणेसहा मीटर असते. त्यामुळे बेसचा खोका कुठेही तोंड करून ठेवा, आवाज स्टेजमागेही तेवढाच पसरतो. भाषण, आरती, भजन यांना बेसचे खोके लागतच नाहीत. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकावं. श्रोत्यांना फरक क्वचितच कळतो, शेजाऱ्यांना लगेच कळतो.

तक्रार आली की आधी तिची जात ओळखायची. तक्रारदाराच्या खिडकीशी जाऊन मीटरवर ‘ए’ आणि ‘सी’ अशी दोन्ही मापं घ्या. ‘सी’चा आकडा ‘ए’पेक्षा पंधरा-वीसने जास्त असेल, तर त्रास बेसचा आहे, एकूण आवाज उतरवून फारसा उपयोग नाही. फरक कमी असेल तर कुठला स्पीकर त्या खिडकीकडे बघतोय ते शोधा. मोबाइलमधलं ॲप नेमका आकडा देईलच असं नाही, पण बदल केल्यावर किती उतरलं हे त्यावरही समजतं. सगळं बंद असतानाची रस्त्याची पातळी आधीच मोजून ठेवा. वाहतूकच ६२ ची असेल तर तुमचे ६२ मिळून ६५ होतात, जागा तेवढीच उरते.

हे सगळं पहिल्या दिवशी रिकाम्या मैदानात लावून, मोजून झालं की प्रोसेसरवरचा लिमिटर तिथेच पक्का करा आणि त्याचा पासवर्ड एकाच कार्यकर्त्याकडे ठेवा. मिक्सरपाशी बसणाऱ्या त्या कार्यकर्त्याचा फोन नंबर आजूबाजूच्या प्रत्येक इमारतीच्या फलकावर उत्सवाआधी लावा, आणि तो फोन उचलला जाईल याची जबाबदारी मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः घ्यावी.