दोन याद्या, दोन वर्तुळे

एका छोट्या वाचनालयाकडे दोन याद्या आहेत असे समजू. पहिली सभासदांची: क्रमांक 1 ते 5, प्रत्येकाची वार्षिक वर्गणी 300 रुपये. दुसरी देवघेवीची. कोणत्या क्रमांकाच्या सभासदाने कोणते पुस्तक नेले, एवढेच तिच्यात लिहिलेले. या यादीत पाच नोंदी आहेत. सभासद 1 च्या तीन, सभासद 2 ची एक आणि 7 या क्रमांकाची एक. सातवा सभासद पहिल्या यादीत नाहीच. त्याने सभासदत्व सोडले असेल, किंवा लिहिणाऱ्याने 1 चा 7 केला असेल.

सभासदांची माहिती आणि त्यांनी नेलेली पुस्तके शेजारीशेजारी हवी असतील, तर दोन्ही याद्या क्रमांकावरून जुळवाव्या लागतात. संगणकाच्या भाषेत हा जॉइन. त्यासाठी शाळेत संच शिकताना काढलेल्या वेन आकृत्या उपयोगी पडतात. कागदावर एकमेकांत शिरणारी दोन वर्तुळे काढा. डाव्या वर्तुळात सभासद यादीतले क्रमांक 1, 2, 3, 4, 5 आणि उजव्यात देवघेवीत आलेले 1, 2, 7. मधल्या सामाईक भागात 1 आणि 2 पडतात, 3, 4, 5 डाव्या कडेला राहतात आणि 7 एकटा उजवीकडे.

इनर जॉइन म्हणजे फक्त मधला भाग, म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्या क्रमांकांच्याच नोंदी. डावा आउटर जॉइन डावे वर्तुळ पूर्ण घेतो. 3, 4, 5 यांनी पुस्तक नेलेले नाही, म्हणून त्यांच्यापुढे पुस्तकाचा रकाना रिकामा राहतो. या रिकाम्या जागेला नल म्हणतात. वर्षभरात एकही पुस्तक न नेलेले सभासद शोधायचे, तर या रिकाम्या जागाच शोधायच्या. उजवा आउटर जॉइन 7 ला वर आणतो. चुकीच्या नोंदी पकडायला तो उत्तम. पूर्ण आउटर जॉइन दोन्ही वर्तुळे घेतो, कोणालाच वगळत नाही.

आता खरी अडचण. आकृतीच्या मधल्या भागात दोनच क्रमांक आहेत, म्हणून इनर जॉइनच्या उत्तरात दोन ओळी येतील असे वाटते. प्रत्यक्षात चार येतात, कारण सभासद 1 च्या तीन नोंदींपैकी प्रत्येकीला त्याची स्वतंत्र जोडी मिळते. डाव्या आउटर जॉइनमध्ये चार अधिक तीन अशा सात ओळी होतात, पूर्ण आउटरमध्ये आठ. वर्तुळांत क्रमांक असतात, ओळी नसतात, हे नीट लक्षात ठेवायला हवे. आकृती कोण आत आणि कोण बाहेर एवढेच सांगते, प्रत्येक जण किती वेळा येईल हे सांगत नाही. म्हणूनच जोडलेल्या तक्त्यावर वर्गणीची बेरीज करणारा फसतो. पाच सभासदांची खरी वर्गणी 1500 रुपये, पण डाव्या आउटर जॉइनच्या सात ओळींची बेरीज 2100 भरते आणि इनरच्या चार ओळींची 1200. दोन्ही आकडे चूक, आणि संगणक कुठेही तक्रार करत नाही. यावर साधा उपाय म्हणजे जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर ओळी मोजणे. सभासद पाच आणि ओळी सात दिसल्या, की कोणीतरी एकाहून अधिक वेळा आले आहे हे कळते.

नॅचरल जॉइनचा उल्लेख एडगर कॉड यांच्या 1970 च्या निबंधातही आहे. याच निबंधातून आजच्या तक्त्यांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना पुढे आली. आज वापरात असलेल्या नॅचरल जॉइनमध्ये जुळणी कोणत्या रकान्यावर करायची हे आपण सांगत नाही. दोन्ही तक्त्यांत ज्या रकान्यांचे नाव सारखे, त्या सगळ्यांवर तो जुळणी करतो आणि सामाईक रकाना उत्तरात एकदाच ठेवतो. आपल्या याद्यांत ‘सभासद क्रमांक’ हे एकच नाव सारखे असेल, तर उत्तर इनर जॉइनसारखेच येते.

पण पुढे कोणी सभासद यादीत नोंदणीची तारीख घालते, कोणी देवघेवीत पुस्तक नेल्याची तारीख घालते आणि दोघेही रकान्याला ‘तारीख’ असेच नाव देतात. आता क्रमांकही जुळायला हवा आणि तारीखही. मधला भाग आक्रसतो. नोंदणीच्याच दिवशी कोणी पुस्तक नेले असेल, तर तेवढीच ओळ उरते. याच्या उलट, सारख्या नावाचा एकही रकाना नसेल, तर प्रत्येक सभासदाची प्रत्येक नोंदीशी जोडी लागून 25 ओळी येतात. नियमाप्रमाणे दोन्ही उत्तरे बरोबर असतात, म्हणून चुकीची सूचना येत नाही. रोजच्या कामात नॅचरल जॉइन टाळावा आणि जुळणीचा रकाना नाव घेऊन सांगावा, हेच बरे.