स्क्रीन कोणती, ते सांगणार नाही

"तुमचा प्रोग्राम उत्तर लिहील. पण ते उत्तर कुठे दिसणार, हे आम्ही शेवटपर्यंत सांगणार नाही." पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात हॅकेथॉनचं आव्हान मांडताना बाईंनी सुरुवातच अशी केली. चॅटबॉटच्या उत्तरांवर त्यांनी बरीच वर्षं काम केलं आहे. पुढ्यात बसलेल्या मुलांना वाटलं होतं, अचूक उत्तर देणारा बॉट बनवायचा असेल. बाई म्हणाल्या, "उत्तर अचूक आहे असं धरून चालू. ते वाचता येतं का, एवढंच तपासायचं आहे."

अडचण कळायला एक गोष्ट ठाऊक हवी. चॅटबॉट ठळक अक्षरं किंवा तक्ता स्वतः काढत नाही. तो फक्त साधी अक्षरं आणि चिन्हं पाठवतो. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे म्हणजे ठळक, ओळीच्या सुरुवातीला हॅश म्हणजे मथळा, उभ्या रेघा म्हणजे तक्ता. या खुणांच्या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ती आणली, तेव्हा हेतू असा होता की खुणा तशाच राहिल्या तरी मजकूर सहज वाचता यावा. खुणांचं रूपांतर करायचं काम मात्र समोरच्या अ‍ॅपचं, आणि प्रत्येक अ‍ॅपची रीत वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपवर ठळक करायला एकच तारा लागतो, दोन दिले की जादाचे तारे मजकुरात लोंबकळत राहतात. एसएमएसमध्ये तर काहीच रूपांतर होत नाही. उत्तर लिहिणाऱ्या प्रोग्रामला यातलं काहीही दिसत नसतं.

मग बाईंनी पडद्यावर एक तक्ता दाखवला. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकातल्या तीनच लशी त्यांनी उदाहरणाला घेतल्या होत्या. पोलिओचे डोस मुद्दाम बाजूला ठेवले होते. वेबसाइटवर तक्ता सुरेख दिसत होता. नंतर तेच उत्तर त्यांनी अशा खिडकीत टाकलं, जिथे तक्ता काढला जात नाही आणि ओळीही एकमेकींना चिकटतात:

```
| वय | पेंटा | रोटा | पीसीव्ही | |---|---|---|---|
| ६ आठवडे | हो | हो | हो | | १० आठवडे | हो | हो
| नाही | | १४ आठवडे | हो | हो | हो |
```

"आता यातला 'नाही' कुठल्या लशीचा, ते सांगा." मुलं बोटं नाचवत रकाने मोजू लागली. एकाने रोटा म्हटलं, दुसऱ्याने पीसीव्ही. उत्तर पीसीव्ही हेच होतं, कारण न्यूमोकोकल लस ६ आणि १४ आठवड्यांना असते, १० आठवड्यांना नसते. तक्त्यात 'नाही' या शब्दाला स्वतःचा अर्थ नसतो. तो वरच्या मथळ्यावर आणि डावीकडच्या वयावर टेकून उभा असतो, आणि मांडणी मोडली की दोन्ही आधार जातात. बाळाला मांडीवर घेऊन फोन बघणाऱ्या आईला रकाने मोजायला लावणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

बाईंनी तीच माहिती पुन्हा लिहून दाखवली: "बाळ ६ आठवड्यांचं झालं की पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस आणि पीसीव्ही या तिन्ही लशी द्यायच्या. १० आठवड्यांना यांपैकी पेंटाव्हॅलंट आणि रोटाव्हायरस या दोनच, पीसीव्ही तेव्हा नसते. १४ आठवड्यांना पुन्हा तिन्ही." हा मजकूर त्याच खिडकीत टाकला, ओळी चिकटल्या, तरी काही बिघडलं नाही. लशीचं नाव आणि वय प्रत्येक वाक्याने स्वतःजवळच ठेवलं होतं. अंध व्यक्तीचा फोन तो मोठ्याने वाचून दाखवेल तेव्हाही अर्थ शाबूत राहील. तक्त्याच्या उभ्या रेघा मात्र कानाला काहीच सांगत नाहीत.

तारे लोंबकळताना दिसतात, म्हणून निदान बिघाड कळतो. खरा धोका असतो तो न दिसणाऱ्या बिघाडाचा, आणि भाषणातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. समजा गुणाकार असा लिहिला:

```
5*6*78
```

मार्कडाउन समजणाऱ्या स्क्रीनला वाटतं, दोन ताऱ्यांमधला 6 तिरका करायचा आहे. ती तारे काढून टाकते आणि वाचणाऱ्यासमोर 5678 हा आकडा उभा राहतो. गुणाकार गायब, आणि चूक झाल्याची कसलीही खूण नाही. म्हणजे खुणा न समजणारी स्क्रीन जितकी गोंधळ घालते, तितकीच समजणारीही घालू शकते. यावर उपाय साधा आहे: ताऱ्याऐवजी गुणाकाराचं चिन्ह × वापरायचं, किंवा सरळ "५ गुणिले ६ गुणिले ७८" असं लिहायचं.

सजावटीला पैसेही पडतात. एका एसएमएसमध्ये साध्या इंग्रजी लिपीतली १६० अक्षरं मावतात. देवनागरी आली की सहसा मर्यादा ७० वर येते, आणि 'नमस्कार' या एका शब्दाला त्यातल्या ७ जागा लागतात, कारण हलन्त आणि काना वेगळे मोजले जातात. इंग्रजी संदेशात एकच इमोजी किंवा यादीचा गोल ठिपका घातला, तरी अख्खा संदेश ७० च्या हिशेबात जातो. संदेश लांबला की त्याचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा हा वेगळा एसएमएस म्हणून मोजला जातो.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग सगळं साधंच लिहायचं का? तक्ता कधीच नाही?" बाईंनी तसं सांगितलं नाही. पाच फोन आणि प्रत्येकाचे सहा गुण, अशी तुलना वाक्यांत लिहिली तर वाचणारा वाटेत हरवतो. तिथे तक्ताच हवा. फक्त तो दिसेल याला काहीतरी पुरावा हवा. वापरणारा स्वतः मार्कडाउनच्या खुणा वापरत असेल, तर त्याची स्क्रीन त्या समजत असण्याची शक्यता वाढते. बॉट बसवणाऱ्या कंपनीने सूचनांमध्ये "ही फोनवरची आवाजी सेवा आहे" असं लिहिलं असेल, तर प्रश्नच मिटला. आधीच्या उत्तरावर "हे तारे कसले?" असं कुणी विचारलं, तर त्यानंतर एकही तारा जाता कामा नये. पुरावा नसेल तेव्हा मोडली तरी चालेल एवढीच मांडणी करायची: छोटे परिच्छेद, क्वचित एखादा ठळक शब्द. पायऱ्या सांगताना "आधी", "त्यानंतर", "शेवटी" हे शब्द वाक्यातच आणायचे. दुवा द्यायचा तर 'येथे क्लिक करा'च्या मागे न लपवता पत्ता पूर्ण लिहायचा. संगणकाची आज्ञा किंवा कोड याला अपवाद आहे, कारण तिथे जागा आणि चिन्हं जशीच्या तशी हवीत. ते वेगळ्या ओळीवर, कोडच्या खुणांमध्येच द्यायचं.

स्पर्धेची कसोटीही त्यांनी तिथेच जाहीर केली. प्रत्येक उत्तर तीनदा तपासलं जाणार: एकदा सगळ्या खुणा उघड्या ठेवून, एकदा सगळ्या ओळी जोडून, आणि एकदा मोठ्याने वाचून. या तिन्ही वेळा ऐकणाऱ्याला वेळापत्रक बरोबर सांगता आलं, तरच गुण.

ही कसोटी घ्यायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पाणीकपातीचं वेळापत्रक टाकणाऱ्यांनी, शाळेच्या सूचना पाठवणाऱ्या शिक्षकांनी, दवाखान्याच्या वेळा कळवणाऱ्यांनी आपला मजकूर पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचून पाहावा. जिथे "वरच्या रकान्यात बघा" असं म्हणावं लागतं, ते वाक्य पुन्हा लिहावं.