चेहऱ्याचे आकडे कसे जुळतात?

अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार देताना चेहऱ्याची पडताळणी करणे केंद्र सरकारने १ जुलै २०२५ पासून सक्तीचे केले. त्यामुळे दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरची गर्भवती किंवा स्तनदा माता आहार घ्यायला आली, की सेविका ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये तिचा चेहरा टिपते आणि नोंदणीच्या वेळच्या चेहऱ्याशी तो जुळतो का, हे ॲप पाहते. सेविका तिला नावानिशी ओळखत असते. तरीही कधी कधी मोबाइल ‘जुळत नाही’ म्हणतो. असे का होते, हे समजायला मोबाइल चेहरा ‘बघतो’ कसा, ते पाहावे लागेल.

पहिली पायरी म्हणजे चित्रात चेहरा नेमका कुठे आहे ते शोधणे. मग डोळे, नाकाचे टोक, ओठांचे कोपरे अशा खुणा पकडून चेहरा सरळ केला जातो आणि ठरावीक आकारात कापला जातो. मान तिरकी असेल, तर ती इथेच सावरली जाते.

हा कापलेला चेहरा मग गणिती जाळ्यातून जातो आणि दुसऱ्या टोकाला आकड्यांची एक रांग बाहेर पडते. गुगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘फेसनेट’ या पद्धतीत अशा रांगेत १२८ आकडे असतात. यातला एक आकडा नाकाच्या लांबीचा आणि दुसरा कपाळाच्या रुंदीचा, असे मात्र नसते. जाळ्याला शिकवताना एकाच व्यक्तीचे दोन फोटो आणि दुसऱ्या कुणाचा तरी एक फोटो दाखवतात. पहिल्या दोघांचे आकडे जवळ यावेत आणि तिसऱ्याचे लांब जावेत, अशी जाळ्याची जुळवाजुळव थोडी थोडी बदलत नेतात. लाखो फोटोंवर हे केले, की जाळे स्वतःच्या पद्धतीने आकडे द्यायला शिकते. एकेकट्या आकड्याला अर्थ नसतो. अर्थ असतो तो दोन रांगांमधल्या अंतराला.

सोपे व्हावे म्हणून १२८ ऐवजी तीनच आकडे घेऊ. समजा, नोंदणीच्या वेळी एका बाईचे आकडे आले ०.६, ०.२ आणि ०.५. आज आले ०.५, ०.३ आणि ०.४. प्रत्येक जोडीत फरक ०.१ चा आहे. फरकांचे वर्ग करून बेरीज केली, की ०.०३ येते. तिच्या बहिणीचे आकडे ०.२, ०.५ आणि ०.१ असतील, तर हीच बेरीज ०.४१ होते. आता कुठेतरी रेघ ओढावी लागते. ती ०.२ वर ओढली, तर त्याच्या आतले अंतर म्हणजे तीच व्यक्ती आणि बाहेरचे म्हणजे दुसरी. आज ही बाई पास झाली आणि बहीण नापास.

पण पुढच्या महिन्यात ती द्राक्षबागेतून थेट आली. स्कार्फ कपाळावर उतरलेला, पाठीमागे उघडे दार आणि चेहऱ्यावर अंधार. या वेळी आकडे आले ०.२, ०.४ आणि ०.३. बेरीज झाली ०.२४. बाई तीच, पण रेघेच्या बाहेर गेली. मग रेघ ०.४५ वर नेली तर? ती पास होईल, पण तिची बहीणही होईल. रेघ आत घेतली तर खरी माणसे अडतात आणि बाहेर सरकवली तर चुकीची माणसे सुटतात. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारी रेघ प्रत्यक्षात मिळत नाही. म्हणजे यंत्र फक्त अंतर मोजते; ‘हो’ की ‘नाही’ हे रेघ कुठे ओढली त्यावर ठरते, आणि ती माणसांनी ओढलेली असते.

पापण्या मिटायला सांगतात, ती तपासणी मात्र वेगळी आहे. समोर जिवंत माणूस आहे की छापील फोटो, एवढेच त्यातून पाहिले जाते. ओटीपी न येणे किंवा रेंज नसणे यांचाही चेहऱ्याच्या आकड्यांशी संबंध नाही. म्हणून अडचण आली, की गाडी कोणत्या पायरीवर अडली ते आधी पाहावे. चेहरा जुळत नसेल, तर बाईने उजेडाकडे तोंड करावे, पदर किंवा स्कार्फ कपाळावरून मागे घ्यावा आणि कॅमेऱ्याची काच पुसावी. तरीही रोज तेच होत असेल, तर दोष बहुधा नोंदणीच्या फोटोत असतो. तो अंधुक असेल, तर आजचा कितीही चांगला फोटो त्याच्यापासून लांबच पडतो. अशा वेळी नोंदणीचा फोटो नव्याने घेणे हाच उपाय.

‘जुळत नाही’ याचा अर्थ ‘ही ती बाई नाही’ असा नसतो. दोन फोटोंच्या आकड्यांतले अंतर ठरवलेल्या रेघेपेक्षा जास्त आले, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यावरून आहार थांबवायचा की सेविकेची ओळख ग्राह्य धरायची, हे ठरवणे यंत्राचे काम नाही.