लेफ्ट, मिड आणि राइट: पिनकोड व यू-डायस क्रमांकातून जिल्हा शोधण्याचा एक अभ्यास

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशप्रक्रिया संपल्यानंतर जिल्हानिहाय विद्यार्थिसंख्या काढण्याचे काम हमखास येते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांचे असल्यामुळे येथील महाविद्यालयांत शेजारच्या जिल्ह्यांतील विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर असतात. प्रवेश अर्जाच्या एक्सेल तक्त्यात जिल्ह्याचा स्वतंत्र रकाना पुष्कळदा नसतो, किंवा असला तरी अर्धा रिकामा असतो. अशा वेळी पत्ता, पिनकोड किंवा पूर्वीच्या शाळेचा क्रमांक यांतून हवी तेवढी अक्षरे कापून घेण्याचा मार्ग अवलंबिला जातो. त्यासाठी लागणारी लेफ्ट, मिड व राइट ही तीन फंक्शन्स शिकायला अत्यंत सोपी आहेत. ती बहुतेक वेळा चूक दाखवीत नाहीत आणि त्यामुळेच त्यांचा वापर फसवा ठरतो. प्रस्तुत लेखात याच एका कामाच्या अनुषंगाने या फंक्शन्सचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

तिन्ही फंक्शन्सचे कार्य

LEFT हे फंक्शन मजकुराच्या डाव्या टोकापासून, तर RIGHT उजव्या टोकापासून सांगितली तेवढी अक्षरे देते. MID ला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: मजकूर कोणता, कितव्या अक्षरापासून सुरुवात करावयाची आणि किती अक्षरे घ्यावयाची. यू-डायस हा शाळेचा अकरा अंकी क्रमांक यासाठी आदर्श उदाहरण आहे, कारण त्यातील प्रत्येक अंकाची जागा ठरलेली असते. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढील दोन तालुक्याचे म्हणजे गटाचे, नंतरचे तीन गावाचे व शेवटचे दोन शाळेचे. C2 या घरात केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेला 27150900199 हा क्रमांक आहे असे समजू.

```
=LEFT(C2,4)     2715
=MID(C2,5,2)    09
=MID(C2,7,3)    001
=RIGHT(C2,2)    99
```

महाराष्ट्राचा क्रमांक २७ असून नांदेडचा १५ व लातूरचा २८ आहे. म्हणजे २७१५ ने सुरू होणारी शाळा नांदेड जिल्ह्यातील आणि २७२८ ने सुरू होणारी लातूर जिल्ह्यातील. हिंगोलीसाठी २७१६, परभणीसाठी २७१७ आणि धाराशिवसाठी २७२९ हे आरंभीचे अंक येतात. कर्नाटकातील शाळांचा क्रमांक २९ ने सुरू होतो, त्यामुळे देगलूर किंवा उदगीरसारख्या सीमेलगतच्या ठिकाणी पहिले दोन अंक पाहूनच परराज्यातील शाळा वेगळ्या काढता येतात.

पिनकोड जिल्हा का सांगत नाही

शाळेचा क्रमांक सर्वच अर्जांत नसतो. पत्ता मात्र असतो आणि त्याच्या शेवटी पिनकोड असतो. लातूर शहराचा पिनकोड ४१३५१२ आणि नांदेडचा ४३१६०१. येथे एक विचार सहज सुचतो: राइटने सहा अंक काढावेत, लेफ्टने त्यांतील पहिले तीन घ्यावेत, ४१३ म्हणजे लातूर आणि ४३१ म्हणजे नांदेड असे ठरवावे. सूत्र अचूक चालते, उत्तर मात्र चुकते.

कारण पिनकोडच्या रचनेत आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी जेथे होते तो विभाग दर्शवितात, महसुली जिल्हा नव्हे. ४१३ हा आरंभ लातूरप्रमाणेच सोलापूर (४१३००१), धाराशिव (४१३५०१) आणि पुणे जिल्ह्यातील बारामती (४१३१०२) यांनाही आहे. ४३१ ची व्याप्ती तर छत्रपती संभाजीनगर (४३१००१), परभणी (४३१४०१) व नांदेड अशी मराठवाड्याच्या मोठ्या भागावर पसरलेली आहे.

तीनऐवजी चार अंक घेतल्यास प्रश्न सुटेल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो सुटत नाही. ४१३५ या चार अंकांखाली लातूर, अहमदपूर (४१३५१५), उदगीर (४१३५१७) व निलंगा (४१३५२१) येतात, तसेच धाराशिव (४१३५०१) व कळंबही (४१३५०७) येतात. यात नवल नाही. पिनकोड सुरू झाला तेव्हा लातूर हा स्वतंत्र जिल्हाच नव्हता. तो उस्मानाबाद जिल्ह्यातून १६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. जिल्हा विभागला गेला, पिनकोड मात्र होता तसाच राहिला. ४३१७ ची कथाही अशीच आहे. देगलूर (४३१७१७) व मुखेड (४३१७१५) नांदेड जिल्ह्यात, तर कळमनुरी (४३१७०२) व औंढा नागनाथ (४३१७०५) हिंगोलीत. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून निर्माण झाला. ४३१७ म्हणजे नांदेड असे सूत्र ज्या तक्त्यात असेल, तेथे कळमनुरीचा प्रत्येक विद्यार्थी नांदेडच्या संख्येत मोजला जाईल आणि अहवाल पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही.

यावर उपाय एकच. पिनकोड न कापता संपूर्ण सहा अंक घ्यावेत आणि टपाल खात्याने प्रसिद्ध केलेल्या पिनकोड सूचीशी ते जुळवून जिल्हा घ्यावा. एका पिनकोडखाली अनेक गावे येतात, म्हणून जिल्ह्याच्या सीमेवरील नोंदी नजरेखालून घालणे तरीही इष्ट ठरते. यू-डायस क्रमांकात जिल्हा खरोखरच अंतर्भूत असला, तरी तो शाळेचा जिल्हा आहे. लातूरमध्ये बारावीपर्यंत शिक्षणासाठी राहिलेला नांदेडचा विद्यार्थी त्यात लातूरचा ठरतो. लातूरच्या कनिष्ठ महाविद्यालयांकडे असलेला बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचा ओघ पाहता ही शक्यता किरकोळ मानता येत नाही. अहवालात ‘निवासाचा जिल्हा’ विचारला आहे की ‘पूर्वशिक्षणाचा’, हे आधी पाहावे आणि मगच रकाना निवडावा.

पत्त्यातून पिनकोड काढताना

पत्ता A2 मध्ये असल्यास =RIGHT(A2,6) पुरेसे आहे असे मानले जाते. पत्ता नीट लिहिलेला असेल तरच ते खरे. कोणी ‘४३१ ६०५’ असे मध्ये जागा सोडून लिहितो. तेव्हा उजवीकडील सहा अक्षरांत ती मोकळी जागा धरली जाते आणि पहिला ४ गळून पडतो. कोणी शेवटी पूर्णविराम देतो. तेव्हाही तेच घडते. संकेतस्थळावरून चिकटवलेल्या मजकुराच्या शेवटी साध्या जागेसारखीच दिसणारी एक वेगळी मोकळी जागा येते आणि ती TRIM ने जात नाही. म्हणून कापण्यापूर्वी मजकूर स्वच्छ करावा लागतो.

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,CHAR(160),"")," ","")
```

या सूत्राचे उत्तर B2 मध्ये ठेवावे आणि त्यानंतर =RIGHT(B2,6) वापरावे. पूर्णविरामासाठी आणखी एक SUBSTITUTE जोडता येतो. उत्तर बरोबर आले की नाही हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पहिला अंक. महाराष्ट्रातील पिनकोड ४ ने आणि कर्नाटक व तेलंगणातील ५ ने सुरू होतो. या रकान्यावर फिल्टर लावून ४ किंवा ५ ने सुरू न होणाऱ्या नोंदी वेगळ्या काढल्या की चुकलेले पत्ते बहुतांशी हाती लागतात. उत्तर संख्या आहे का, एवढीच चाचणी येथे अपुरी पडते, कारण ‘31605.’ हा तुकडाही एक्सेल संख्या म्हणून स्वीकारते.

मजकूर आणि संख्या यांतील भेद

या तिन्ही फंक्शन्सचे उत्तर नेहमी मजकूर असते, मग ते अंकांचेच का असेना. पुढील सूत्र यू-डायस क्रमांक नांदेडचा असला तरी कायम ‘इतर’ असेच सांगेल.

```
=IF(LEFT(C2,4)=2715,"नांदेड","इतर")
```

डावीकडे "2715" हा मजकूर आहे आणि उजवीकडे २७१५ ही संख्या. 2715 ला अवतरणचिन्हांत लिहिले की सूत्र चालते. जिल्ह्यांची यादी स्वतंत्र ठेवून VLOOKUP ने नाव आणावयाचे असेल, तर यादीतील क्रमांक संख्येच्या रूपात असल्यास प्रत्येक ओळीत #N/A येते. गोंधळात भर अशी की COUNTIF हा भेद मानत नाही. त्यामुळे एकूण संख्या बरोबर येते आणि नावे मात्र येत नाहीत. यादीतील क्रमांकांचा रकाना आधी टेक्स्ट स्वरूपात करून मग क्रमांक टाइप करणे हा यावरील सर्वांत सुरक्षित मार्ग होय. VALUE ने उत्तराची संख्या करणे २७१५ साठी निरुपद्रवी असले, तरी तालुक्याच्या 09 चे 9 होते आणि तो क्रमांक यादीशी जुळत नाही.

याच कारणाने मूळ क्रमांकही टेक्स्ट म्हणूनच साठवावेत. महाराष्ट्राचा क्रमांक २७ असल्याने येथे अडचण जाणवत नाही. परंतु उत्तर प्रदेशातील शाळेचा क्रमांक ०९ ने सुरू होतो. तो संख्या म्हणून टाइप केला की आरंभीचे शून्य जाते, दहाच अंक उरतात आणि त्यापुढील प्रत्येक कापणी एका घराने सरकते. =LEN(C2) चे उत्तर ११ आहे ना, हे पाहणे यासाठी पुरेसे आहे.

जन्मतारीख व देवनागरी मजकूर

तारखेच्या घरावर ही फंक्शन्स वापरू नयेत. एक्सेल तारीख दिवसांच्या क्रमांकाच्या रूपात साठविते. विद्यापीठाच्या स्थापनेची १७ सप्टेंबर १९९४ ही तारीख आत ३४५९४ अशी असते. तिच्यावर RIGHT वापरून चार अक्षरे मागितल्यास १९९४ ऐवजी ४५९४ मिळते. वर्षासाठी YEAR हे फंक्शन आहे. तारीख मजकूर म्हणून टाइप झालेली असेल तर मात्र RIGHT योग्य उत्तर देते. एकाच रकान्यात दोन्ही प्रकार असल्याचे पुष्कळदा याच विचित्र उत्तरांवरून उघड होते.

देवनागरीत अक्षर आणि संगणकाचे अक्षर एक नसते. युनिकोडमध्ये काना, मात्रा, अनुस्वार हे प्रत्येकी स्वतंत्र मोजले जातात. म्हणून ‘नांदेड’ या शब्दासाठी LEN चे उत्तर ६ येते आणि ‘लातूर’साठी ५. =LEFT("नांदेड",1) ने केवळ ‘न’ मिळतो. ‘नां’ हवे असल्यास ३ सांगावे लागतात. =RIGHT("नांदेड",2) केल्यास एकटी पडलेली मात्रा आणि ‘ड’ असा तुकडा हाती येतो. गावाच्या नावाची पहिली तीन अक्षरे घेऊन हजेरी क्रमांक तयार करण्याची पद्धत इंग्रजी नावांवर चालते, मराठी नावांवर चालत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्यांत तर पडद्यावर दिसणारे अक्षर आणि आत साठविलेले चिन्ह यांचा संबंधच वेगळा असतो. अशा याद्या युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय त्यांवर या तीनपैकी एकही फंक्शन चालवू नये.