दुसरीतल्या मुलीसाठी कोपर्निकस

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव कोपर्निकस मार्ग. कमानी सभागृह आणि दूरदर्शन भवन याच रस्त्यावर आहेत. मराठी माणसाला मात्र तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे माहीत असतो. सदनात उतरलेल्या कुटुंबातली एखादी दुसरीतली मुलगी रस्त्याची पाटी वाचते आणि विचारते, "कोपर्निकस कोण?" तोंडी उत्तर कसंबसं देता येतं. पण तेच उत्तर तिला स्वतःला वाचता येईल असं लिहून द्यायचं ठरवलं, तर काम एकदम अवघड होतं. कारण आता विषयाबरोबर वाचनाची पायरीही सांभाळावी लागते.

मोठ्यांसाठी आपण सहज असं लिहू:

"पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी स्थिर असून सूर्यासह सर्व ग्रह तिच्याभोवती परिभ्रमण करतात, ही शतकानुशतके प्रचलित असलेली धारणा निकोलस कोपर्निकसने 1543 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मोडीत काढली."

वाक्य एकच, शब्द 25. ते दुसरीच्या पायरीवर आणायचं, तर नेमकं काय बदलायचं?

तोडलेली वाक्यं

मजकूर किती अवघड आहे हे आकड्यात मांडायचे प्रयत्न अमेरिकेत शंभर वर्षांपासून चालू आहेत. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1921 मध्ये छापील मजकुरात वारंवार येणाऱ्या दहा हजार शब्दांची यादी शिक्षकांसाठी काढली. रुडॉल्फ फ्लेश यांनी 1948 मध्ये एक सूत्र मांडलं. त्यात दोनच गोष्टी मोजतात. एका वाक्यात सरासरी शब्द किती आणि एका शब्दात सरासरी उच्चारखंड किती. 1975 मध्ये अमेरिकी नौदलासाठी हेच सूत्र शाळेच्या इयत्तांमध्ये बसवलं गेलं. त्यामुळे एखादी नियमपुस्तिका कितवीच्या पातळीची आहे, हे आकड्यात सांगता येऊ लागलं.

मोजायला सोपं असलेलं हे सूत्र फसवायलाही तितकंच सोपं आहे. वाक्यं तोडली आणि शब्द आखूड केले, की आकडा खाली येतो. आपल्या वाक्यावर हा प्रयोग करून पाहू:

"पृथ्वी स्थिर आहे. ती मध्यभागी आहे. सूर्य तिच्याभोवती फिरतो. लोकांचा असा समज होता. कोपर्निकसने पुस्तक लिहिले. समज चुकीचा ठरला."

सहा वाक्यं, एकूण 19 शब्द. एका वाक्यात सरासरी तीनच. आकडा खूश. पण दुसरीतली मुलगी पहिली तीन वाक्यं वाचून काय शिकेल? पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो, हे. मूळ वाक्यात ती 'धारणा' होती. वाक्य तोडताना ती सरळ विधान झाली, आणि तो लोकांचा समज होता हे चौथ्या वाक्यात कळेपर्यंत चुकीची गोष्ट खरी म्हणून डोक्यात बसलेली असते. लहान वाचक मागे जाऊन वाक्याचा अर्थ बदलून घेत नाही. शिवाय कोपर्निकसने पुस्तक लिहिलं आणि समज चुकीचा ठरला, या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध, हे कुठेच सांगितलेलं नाही.

अमेरिकेत अ‍ॅलिस डेव्हिसन आणि रॉबर्ट कँटर यांनी 1982 मध्ये मूळ उतारे आणि त्यांची शाळेसाठी सोपी केलेली रूपं शेजारी ठेवून तपासली, तेव्हा त्यांना अशाच त्रुटी दिसल्या. सूत्राचा आकडा गाठायच्या नादात वाक्यांमधले दुवे गळतात आणि तो दुवा जुळवण्याचं काम लहान वाचकावर येऊन पडतं. त्याआधी डेव्हिड पिअर्सन यांनी तिसरी-चौथीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासातही कारण उघड सांगणारं लांब वाक्य मुलांना तुकड्यांपेक्षा अधिक पटलं होतं. लेखकासाठी यातून निघणारा नियम असा, की वाक्य तोडायचं असेल तर 'म्हणून', 'पण', 'तेव्हा' हे शब्द सोडायचे नाहीत. त्यांच्यामुळे वाक्य एका शब्दाने वाढलं तरी चालेल.

मराठीत मोजायचं काय?

दुसरी अडचण आपल्या भाषेची आहे. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या कानावर हिंदीही सतत असते, म्हणून हिंदीचंच उदाहरण घेऊ. 'सूर्य के चारों ओर घूमने वाले ग्रहों में से' हे नऊ शब्द मराठीत 'सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांपैकी' या तीन शब्दांत मावतात. आशय तेवढाच आहे, पण मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. म्हणजे वाक्यात सहा शब्द असा दंडक घातला, तर मराठी वाक्याला हिंदीपेक्षा बरंच जास्त ओझं वाहता येतं आणि मोजणीत ते दिसतही नाही.

तिसरी गोष्ट जोडाक्षरांची. सुटी अक्षरं आणि काना-मात्रा जमू लागल्यावरही मुलं जोडाक्षरांशी बराच काळ झुंजत असतात. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2012 मध्ये बांगला आणि हिंदीसाठी वाचनीयतेची मापं मांडली, तेव्हा वाक्याच्या आणि शब्दाच्या लांबीबरोबर जोडाक्षरांची संख्याही विचारात घेतली होती. आपल्या मोठ्यांच्या वाक्यात 25 पैकी 15 शब्दांत जोडाक्षर आहे. 'केंद्रस्थानी' आणि 'विश्वाच्या' या शब्दांत तर दोन-दोन आहेत.

गंमत अशी, की आकाशाचा विषय निघाला की जोडाक्षरं टाळणं जवळपास अशक्य होतं. सूर्य, चंद्र, ग्रह, पृथ्वी, नक्षत्र या सगळ्यांत ती आहेत. त्यातल्या त्यात 'तारा' तेवढा सुटतो. सूर्य काय असतो हे मुलीला तान्ही असल्यापासून माहीत आहे, अडतो तो 'र्य' वरचा रफार. उलट 'धारणा' या शब्दात एकही जोडाक्षर नाही आणि तो तीनच अक्षरी आहे, तरी तिच्यासाठी तो परका. म्हणजे शब्द दोन वेगळ्या कारणांनी अवघड होतो. एक तर तो वाचता येत नाही, नाहीतर वाचूनही कळत नाही. 'संध्याकाळी' पहिल्या अर्थाने जड आहे पण दुसऱ्या अर्थाने हलका. 'प्रदक्षिणा' दोन जोडाक्षरांचा, पण देवळात जाणाऱ्या मुलीच्या रोजच्या ओळखीचा. 'परिभ्रमण' दोन्ही अर्थांनी जड. सोपा शब्द निवडताना या दोन चाळण्या वेगवेगळ्या लावाव्या लागतात.

दोन पायऱ्या, दोन उतारे

आपल्याकडे पायरी ठरवण्याचं एक घरचं माप आहे. 'प्रथम' संस्थेचं 'असर' सर्वेक्षण 2005 पासून गावोगावच्या मुलांना वाचायला जे उतारे देतं, त्यांच्या रचनेचे नियम ठरलेले आहेत. पहिलीच्या पातळीचा उतारा म्हणजे एकमेकांशी जोडलेली चार सोपी वाक्यं, प्रत्येकात जास्तीत जास्त सहा शब्द. दुसरीच्या पातळीची गोष्ट सात ते दहा वाक्यांची. शब्द त्या इयत्तेच्या पाठ्यपुस्तकात भेटणारे आणि प्रसंग मुलांच्या ओळखीचा. या मापात कोपर्निकस बसवून पाहू. आधी दुसरीचा उतारा:

"रोज सकाळी सूर्य उगवतो. संध्याकाळी तो मावळतो. म्हणून लोकांना वाटायचे, सूर्यच आपल्याभोवती फिरतो. कोपर्निकसला तसे वाटले नाही. तो म्हणाला, पृथ्वी फिरते आणि आपण तिच्यावर आहोत. गाडी पुढे जाते तेव्हा झाडे मागे पळताना दिसतात. पण झाडे पळत नाहीत. सूर्याचेही तसेच आहे."

आठ वाक्यं, 40 शब्द, सरासरी पाच. जोडाक्षरवाले शब्द 11, त्यातले तीन सूर्याचीच रूपं. आधीच्या तुकड्यांपेक्षा ही वाक्यं लांब आहेत, पण 'लोकांना वाटायचे' हे चुकीच्या समजुतीच्या आधी आलं आहे. ती समजूत का होती, तेही 'म्हणून'ने सांगितलं आहे. 'विश्व', 'केंद्र', '1543' आणि 'ग्रह' वगळले, कारण मुलीच्या प्रश्नाला त्यांची गरज नव्हती. 'कोपर्निकस' टाळता येत नाही, म्हणून तो एकदाच आला आणि पुढे 'तो' म्हणून भागवलं. परभाषा शिकणाऱ्यांवर केलेल्या एका अभ्यासात, कोणाच्या मदतीशिवाय मजकूर समजायला शंभरातले 98 शब्द ओळखीचे लागतात असं दिसलं होतं. घरात मराठी आणि शाळेत हिंदी असलेल्या मुलीसाठी तोच हिशोब लावला, तर 40 शब्दांत एका नव्या शब्दापलीकडे परवडत नाही. ती जागा कोपर्निकसनेच घेतली.

गाडीचा दाखला मुलांसाठी म्हणून वरून चिकटवलेला नाही. कोपर्निकसने आपल्या ग्रंथात व्हर्जिल या लॅटिन कवीच्या काव्यातलं बंदर सोडणारं जहाज याच कामासाठी वापरलं आहे. जहाज निघतं आणि किनारा व शहरं मागे जाताना दिसतात. म्हणजे उतारा सोपा झाला तरी मूळ युक्तिवाद तोच राहिला. पातळी खाली आणताना शब्द आणि तपशील सोडता येतात, युक्तिवाद मात्र सांभाळावा लागतो. तो गेला, तर उरतो तो निव्वळ हुकूम. कोणीतरी म्हणालं म्हणून पृथ्वी फिरते!

पहिलीच्या पायरीवर मात्र हेही साधत नाही. चार वाक्यं, जोडाक्षरं नकोत, म्हणजे सूर्यही गेला आणि कोपर्निकसही. तिथे उरतं ते एवढंच:

"मीना गाडीत बसली. गाडी पुढे निघाली. झाडे मागे पळू लागली. मीना हसली, झाडे कुठे पळतात?"

एकही जोडाक्षर नाही, शब्द 15. या उताऱ्यात खगोलशास्त्र नाही, पण ते समजायला लागणारा अनुभव आहे. या पायरीवर इतकंच प्रामाणिकपणे लिहिता येतं. बाकीचं मोठ्या माणसाने तोंडी सांगावं.

पायरी बसली का?

हे ठरवायला मोजपट्टी पुरत नाही, मूल लागतं. उतारा मोठ्याने वाचून घ्यावा. 'असर'च्या पद्धतीत पहिलीचा उतारा सलग, वाक्यासारखा वाचला आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत, तर मूल त्या पायरीवर आहे असं धरतात. लेखकाने मात्र चुकांच्या आकड्यापेक्षा त्यांच्या जागा बघाव्यात. मूल एकाच जोडाक्षरावर अडखळतं पण अर्थ सांगतं, तर शब्द राहू द्यावा, फक्त वाचनाआधी तो फळ्यावर लिहून एकदा म्हणून घ्यावा. शब्द सफाईने वाचून पुढे गप्प बसतं, तर तो शब्द बदलावा. वाक्याच्या शेवटी पोचून पुन्हा सुरुवातीला येतं, तर वाक्याची बांधणी उलगडावी. बहुतेक वेळा 'असलेली', 'झालेल्या', 'फिरणाऱ्या' अशा विशेषणांची माळ त्यात अडकलेली सापडते.

मग प्रश्न विचारावा, पण 'कोपर्निकसने काय सांगितले?' हा नको. त्याचं उत्तर उताऱ्यातलं वाक्य उचलून देता येतं. 'मग सूर्य फिरताना का दिसतो?' असं विचारावं. तोडलेल्या सहा वाक्यांचा उतारा वाचलेल्या मुलाकडे याचं उत्तर नसणार, कारण ते उताऱ्यातच नाही. त्या उताऱ्याची सरासरी तीन शब्दांची आणि दुसऱ्याची पाच शब्दांची, तरीही दुसराच खालच्या पायरीचा आहे.